खिडकीची रुंदी आणि चुकांचे वर्ग

पडदे शिवायला टाकायचे होते आणि शिंप्याने खिडकीची रुंदी विचारली होती. घरात कापडी टेप एकच, पण मोजणारे पाच जण. एकमेकांचे आकडे न बघता प्रत्येकाने मोजलं आणि कागदावर लिहिलं. आजोबा ११९ सेंटिमीटर, आई १२०, बाबा १२१, मी १२१ आणि धाकटी बहीण १२४. आईने विचारलं, ‘‘आता शिंप्याला काय सांगू?’’ बाबांनी पाच आकड्यांची बेरीज केली, ६०५. तिला पाचाने भागलं आणि म्हणाले, ‘‘१२१ सांग.’’ कुणीही हरकत घेतली नाही.

हरकत घेता आली असती. सरासरीच का? आकडे चढत्या क्रमाने लावून मधला का नको? सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा घेऊन त्यांचा मध्य, म्हणजे एकशे साडेएकवीस का नको? सरासरीच्या बाजूने शाळेत कुणी पुरावा दिल्याचं मला आठवत नाही. ती गोष्ट आपल्याला घरच्या रिवाजासारखी मिळालेली असते.

पुरावा आहे. पण त्याच्यासोबत अटी आहेत, आणि त्या मोडल्या की सरासरीची सद्दीही संपते.

वर्ग करायची कल्पना कुठून आली

सरासरीकडे बघण्याची एक नजर अशी आहे. खिडकीची खरी रुंदी म्हणून एखादा आकडा धरा. प्रत्येक मोजणीचा त्याच्यापासून किती फरक पडतो ते काढा, प्रत्येक फरकाचा वर्ग करा आणि वर्गांची बेरीज घ्या. ही बेरीज ज्या आकड्याला सर्वांत लहान येईल तो निवडा. या रीतीला ‘लीस्ट स्क्वेअर्स’ म्हणजे न्यूनतम वर्ग पद्धत म्हणतात.

आमच्या खिडकीसाठी १२१ धरले तर फरक येतात उणे २, उणे १, ०, ० आणि ३. त्यांचे वर्ग ४, १, ०, ०, ९ आणि बेरीज १४. १२० धरले तर बेरीज १९ होते, १२२ धरले तरी १९. मधले दशांश घेऊन पाहिले तरी १४ च्या खाली कुणी जात नाही. न्यूनतम वर्ग पद्धत अशा साध्या मोजणीत नेहमी सरासरीवरच येऊन थांबते.

ही पद्धत पहिल्यांदा छापली फ्रेंच गणिती लजांद्र याने, १८०५ मध्ये, धूमकेतूंच्या कक्षा काढण्यावरच्या पुस्तकात. चार वर्षांनी, १८०९ मध्ये, जर्मनीच्या गाऊसने ग्रहांच्या गतीवरचा आपला ग्रंथ छापला आणि त्यात सांगून टाकलं की ही पद्धत मी १७९५ पासून वापरतो आहे. लजांद्रला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. पण गाऊसने एक गोष्ट केली जी लजांद्रने केली नव्हती. लजांद्रला वर्ग सोयीचे वाटले म्हणून त्याने घेतले. गाऊसने विचारलं, वर्गच का? घन का नाहीत, किंवा चिन्ह सोडून नुसते फरक का नाहीत? आणि उत्तर शोधायला तो चुकांच्या स्वभावाकडे वळला.

उलट्या बाजूने विचारलेला प्रश्न

घरातला एक माणूस ओला चिंब होऊन दारात उभा राहिला. तुम्ही मनात पडताळता: बाहेर पाऊस असेल तर माणूस असा ओला होणं अगदी साहजिक, कोरडं ऊन असेल तर जवळपास अशक्य. समोर जे दिसतंय ते कोणत्या परिस्थितीत सहज घडलं असतं, हा तुमचा प्रश्न आहे. खिडकीलाही तोच विचारायचा. रुंदी १२१ असती तर आम्हा पाच जणांचे हेच पाच आकडे येणं कितपत साहजिक होतं? १२० असती तर? १२२ असती तर? ज्या रुंदीखाली आपले आकडे सर्वांत साहजिक ठरतात ती रुंदी निवडायची. याचं नाव ‘मॅक्सिमम लाइकलीहुड’, म्हणजे महत्तम शक्यता. हे नाव इंग्लंडच्या रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये रूढ केलं. गाऊसची भाषा थोडी निराळी होती, पण हिशेब हाच होता.

इथे घसरायला सोपी जागा आहे. ‘रुंदी १२१ असण्याची संभाव्यता किती’ असं आपण विचारत नाही. रुंदी जी आहे ती आहे, ती काही फासे टाकून ठरत नाही. आपण विचारतो ते आकड्यांबद्दल, रुंदी धरून चालून.

यासाठी एक माहिती लागते: माणसं मोजताना कशा चुका करतात? छोट्या चुका किती वेळा आणि मोठ्या किती वेळा? हे सांगणाऱ्या वक्राला चुकांचा वक्र म्हणू. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध घंटेच्या आकाराचा, नॉर्मल वक्र.

सगळा डाव घातांकात आहे

नॉर्मल वक्राचं सूत्र पुस्तकात बघितलं की लोक पान उलटतात. त्याचा गाभा मात्र एका वाक्यात सांगता येतो: शून्य चुकीला वक्राची उंची १ धरली तर इतर चुकांना ती उंची एका ठराविक अपूर्णांकाचा घात असते, आणि घातांक असतो चुकीचा वर्ग.

आमच्या घरच्या मोजणीचा नेहमीचा चुकार २ सेंटिमीटर आहे असं धरू. याला प्रमाण विचलन म्हणतात. मग तो अपूर्णांक येतो ०.८८२५. चूक १ सेंटिमीटरची असेल तर वक्राची उंची ०.८८२५ चा पहिला घात. चूक २ ची असेल तर चौथा घात, म्हणजे सुमारे ०.६१. चूक ३ ची असेल तर नववा घात, सुमारे ०.३२. चूक ४ ची असेल तर सोळावा घात, सुमारे ०.१४. चूक दुप्पट झाली की घातांक चौपट होतो, म्हणून घंटेच्या कडा इतक्या झपाट्याने खाली येतात.

आता पाच आकडे एकत्र. आम्ही एकमेकांचे आकडे बघितले नव्हते, त्यामुळे पाचही चुका स्वतंत्र. स्वतंत्र घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा असतो, हे नाणेफेकीपासून आपल्याला माहीत आहे. रुंदी १२१ धरली तर पाच उंचींचा गुणाकार म्हणजे ०.८८२५ चा चौथा घात, गुणिले पहिला घात, गुणिले शून्यावा, गुणिले शून्यावा, गुणिले नववा घात. आणि एकाच पायाचे घात गुणताना काय करतात? घातांकांची बेरीज. ४ अधिक १ अधिक ० अधिक ० अधिक ९, म्हणजे १४. गुणाकार आला ०.८८२५ चा चौदावा घात.

हा १४ मघाशी भेटलेलाच आहे, वर्गांची बेरीज म्हणून.

| धरलेली रुंदी | फरकांच्या वर्गांची बेरीज | पाच उंचींचा गुणाकार |
|---|---|---|
| १२० | १९ | ०.०९३ |
| १२१ | १४ | ०.१७४ |
| १२२ | १९ | ०.०९३ |

अपूर्णांक एकापेक्षा लहान आहे, म्हणून घातांक जितका लहान तितका गुणाकार मोठा. महत्तम शक्यता शोधणं म्हणजे घातांक लहानात लहान करणं, आणि घातांक म्हणजे वर्गांची बेरीज. दोन वेगळ्या वाटांनी निघालेल्या पद्धती एकाच दारात पोचतात त्याचं कारण एवढंच. नॉर्मल वक्राच्या घातांकात वर्ग बसलेला आहे, तोच बाहेर येतो.

आपण चुकार २ सेंटिमीटर धरला तो अंदाजाने. तो ३ धरला असता तर ०.८८२५ च्या जागी दुसरा अपूर्णांक आला असता, पण घातांक तेच राहिले असते आणि जिंकणारी रुंदीही तीच. म्हणून चुका किती मोठ्या आहेत ते माहीत नसतानाही न्यूनतम वर्ग पद्धत चालते. फक्त तो चुकार सगळ्यांचा सारखा असायला हवा.

एकाच रुंदीऐवजी सरळ रेषा जुळवायची असेल, किंवा गाऊससारखी एखाद्या लघुग्रहाची कक्षा, तरी युक्तिवाद हाच. धरलेल्या रेषेपासून किंवा कक्षेपासून प्रत्येक निरीक्षणाचा फरक काढा, वर्ग घातांकात जातात. नॉर्मल असायला हव्यात त्या चुका. निरीक्षणं स्वतः नॉर्मल असली पाहिजेत असं नाही. आकडेवारीचे अर्धे अहवाल या दोहोंची गल्लत करतात, असं माझं मत आहे.

गाऊसची एक चलाखी

पण चुका नॉर्मलच असतात हे गाऊसला कुणी सांगितलं? १८०९ च्या पुस्तकात त्याने वाट उलटी धरली. एकाच गोष्टीच्या अनेक मोजण्या असतील तर सरासरी हेच सर्वांत शक्य उत्तर, हे सगळे मानतात ना? मग ते खरं ठरवणारा चुकांचा वक्र कोणता असावा लागेल? मोजण्या कितीही असोत, सरासरीच जिंकली पाहिजे, ही अट घातली तर एकच वक्र उरतो: नॉर्मल. तो सापडला की त्यावरून न्यूनतम वर्ग पद्धत सिद्ध.

बारकाईने बघितलं तर हे वर्तुळ आहे. सरासरी आवडते म्हणून नॉर्मल वक्र निवडला आणि नॉर्मल वक्र आहे म्हणून सरासरी बरोबर. फ्रान्सच्या लाप्लासने १८१० मध्ये त्याला बाहेरून आधार दिला. एकेक चूक ही अनेक छोट्या, स्वतंत्र चुकांची बेरीज असेल, तर तिचा वक्र नॉर्मलकडे झुकतो. टेप किंचित तिरका धरला, डोळा थोडा बाजूला होता, कापड जरा ताणलं गेलं, चौकटीची कड गोल होती. अशा दहा-बारा किरकोळ कारणांची बेरीज होत असेल तर घंटा चांगली बसते. एकच मोठं कारण बाकीच्यांना झाकून टाकत असेल तर नाही.

बहिणीची दहा सेंटिमीटर

समजा बहिणीने १२४ ऐवजी १३४ लिहिलं असतं. टेपवर १२० आणि १३० या खुणा सारख्याच दिसतात, घाईत असं होतं. आता बेरीज ६१५ आणि सरासरी १२३. बाकी चौघांपैकी कुणीही १२१ च्या वर मोजलेलं नाही, तरी उत्तर १२३.

नॉर्मल वक्र इथे असं का वागतो ते बघण्यासारखं आहे. रुंदी १२१ धरली तर बहिणीची चूक १३ सेंटिमीटर, वर्ग १६९. चुकार २ असताना इतकी मोठी चूक नॉर्मल वक्रानुसार दहा अब्ज मोजण्यांत एकदाही होऊ नये. वक्राला ती पटतच नाही. म्हणून तो उत्तरच बहिणीच्या दिशेने सरकवतो, तिची चूक ११ वर आणतो आणि त्यापायी बाकी चौघांच्या चुका वाढल्या तरी चालवून घेतो. वर्गांची बेरीज १७४ वरून १५४ वर येते. हिशेबात काहीही बिघडलेलं नाही. बिघडली आहे ती समजूत, की मोठ्या चुका होतच नाहीत.

आता वेगळी समजूत घेऊ. लाप्लासने १७७४ मध्ये, तरुणपणी, चुकांचा एक निराळा वक्र सुचवला होता. त्यात घातांक चुकीचा वर्ग नसून नुसती चूक असते, चिन्ह सोडून. उंची इथेही उतरते, पण कडा जाड राहतात, म्हणजे मोठ्या चुकांना जागा असते. पाच उंचींचा गुणाकार केला की घातांकांची बेरीज पुन्हा होते, पण या वेळी ती वर्गांची नाही, फरकांची. १२१ धरले तर २ अधिक १ अधिक ० अधिक ० अधिक १३, म्हणजे १६. १२३ धरले तर २२. इथे १२१ जिंकतो, आणि १२१ म्हणजे ओळीतला मधला आकडा, मध्यक.

मध्यक का जिंकतो हे सहज दिसतं. उत्तर १२१ वरून एक सेंटिमीटर उजवीकडे नेलं तर बहिणीच्या फरकात एक वाचतो आणि बाकी चौघांच्या फरकात प्रत्येकी एक वाढतो. बहीण कितीही लांब असली तरी तिला मत एकच. वर्गांच्या राज्यात मात्र जो जास्त लांब त्याचं वजन जास्त.

म्हणजे ‘सरासरी की मध्यक’ हा आवडीचा प्रश्न नाही. तुमच्या मोजणीत चुका कशा होतात, याबद्दलची ती विधानं आहेत. सरासरीत भरवसा जास्त आहे, म्हणून धोकाही. चुका खरोखर नॉर्मल असतील तर १०० मोजण्यांच्या सरासरीला जितकी अचूकता मिळते तितकी मिळवायला मध्यकाला सुमारे १५७ मोजण्या लागतात. चुका लाप्लासच्या वक्रासारख्या असतील तर पारडं फिरतं, आणि मोजण्या पुष्कळ असताना सरासरीलाच जवळपास दुप्पट मोजण्या लागतात.

जेव्हा सरासरी अशक्य उत्तर देते

तिसरा वक्र अगदी सपाट घेऊ. एखाद्या यंत्रावर लिहिलं आहे की चूक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त कधीच होणार नाही, आणि त्या मर्यादेत कुठलीही चूक सारखीच शक्य आहे. यंत्राने पाच आकडे दिले: ११९, ११९, ११९, ११९, १२४. सरासरी १२०. पण रुंदी १२० असेल तर शेवटच्या मोजणीत ४ सेंटिमीटरची चूक झाली, आणि ती तर होऊच शकत नाही! खरी रुंदी १२१ पासून १२२ पर्यंतच असू शकते, आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या रुंदी सारख्याच शक्य आहेत. महत्तम शक्यता इथे एक बिंदू दाखवतच नाही, पट्टा दाखवते. न्यूनतम वर्ग पद्धत त्या पट्ट्याच्या बाहेर जाऊन बसली आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

चुकार सारखा नसेल तर

चुका नॉर्मल असूनही हे नातं तुटू शकतं. सुताराने पोलादी टेपने टेबल मोजलं, ९० सेंटिमीटर. आजीने वितीने मोजलं, ९६. सुताराचा चुकार १ सेंटिमीटर, आजीचा ३. साधी सरासरी ९३, आणि सुतार ती ऐकून हसेल. घातांकाकडे परत जा. चुकार जितका मोठा तितका तो अपूर्णांक एकाच्या जवळ, म्हणजे आजीच्या चुकीने गुणाकार हळूहळू उतरतो. हिशेब केला की आजीच्या वर्गाला ९ ने भागावं लागतं, सुताराच्या वर्गाला १ ने. अशा बेरजेला सर्वांत लहान करणारं उत्तर म्हणजे सुताराला नऊ मतं आणि आजीला एक: ९०.६ सेंटिमीटर. याला भारित न्यूनतम वर्ग म्हणतात. वर्ग टिकले, सरसकट सारखे वर्ग टिकले नाहीत.

ही गोष्ट मोजदादीत सर्वांत जास्त फसवते. पुलावर उभं राहून कुणी एक तास ट्रक मोजले, ६ आले. दुसऱ्या दिवशी चार तास मोजले, १६ आले. ताशी किती ट्रक? शून्यातून जाणारी सरळ रेषा न्यूनतम वर्गांनी जुळवली तर उत्तर येतं ७० भागिले १७, म्हणजे ताशी ४.१२. पण ट्रक एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील, तर अशा मोजणीचा चुकार मोजणीबरोबर वाढतो. लांब मोजणी हलते जास्त. साधे वर्ग हे जाणत नाहीत, म्हणून ते चार तासांच्या मोजणीला तिच्या लायकीपेक्षा जास्त वजन देतात. स्वतंत्रपणे येणाऱ्या वाहनांसाठी पॉयसाँ नावाचा नियम आहे. त्याने महत्तम शक्यता काढली तर उत्तर निघतं एकूण ट्रक भागिले एकूण तास, २२ भागिले ५, ताशी ४.४. पुलावरच्या चहावाल्याने हेच उत्तर दिलं असतं.

गंमत म्हणजे दोन्ही दिवशी एकेकच तास मोजला असता तर दोन्ही पद्धतींनी नुसती सरासरीच दिली असती. नाणेफेकीतही तसंच: दहात सात छापे आले तर दोघींचं उत्तर ०.७. तेव्हा दोन पद्धतींचं उत्तर जुळलं म्हणजे चुका नॉर्मल आहेत, असं समजू नये.

पसरट भागाचा वाद

चुका नॉर्मल, स्वतंत्र, चुकार सारखा, सगळं मनासारखं असलं तरी हे नातं फक्त रुंदीपुरतं आहे. चुकार किती, हा दुसरा प्रश्न विचारला की महत्तम शक्यता म्हणते: वर्गांची बेरीज १४ भागिले ५, म्हणजे २.८, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे १.६७. पाठ्यपुस्तकं सांगतात ४ ने भागा, म्हणजे ३.५ आणि वर्गमूळ सुमारे १.८७. पाचाऐवजी चार का? कारण फरक आपण खऱ्या रुंदीपासून मोजलेच नाहीत. ते १२१ पासून मोजले, आणि १२१ आपण या पाच आकड्यांना जवळात जवळ बसेल असा निवडून घेतला होता. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडे लहान दिसतात, आणि एकाने कमी भागून ती तूट भरतात. महत्तम शक्यता ती भरत नाही. हजार मोजण्यांत हा भेद कळणारही नाही, पाचांत तो चांगलाच कळतो.

स्वतः गाऊसलाच पुढे नॉर्मल वक्राचा आधार नकोसा झाला. १८२३ मध्ये छापलेल्या कामात त्याने न्यूनतम वर्गांना दुसरा पाया दिला. चुकांचा वक्र कुठलाही असो, त्या एकमेकींशी निगडित नसतील, सरासरीने शून्य असतील आणि चुकार सारखा असेल, तर आकड्यांना ठराविक वजनं देऊन बेरीज करणाऱ्या ज्या रीती एका बाजूला झुकत नाहीत, त्या सगळ्यांत न्यूनतम वर्ग सर्वांत कमी डगमगतो. आज याला गाऊस-मार्कोव्ह प्रमेय म्हणतात. त्याचा हवाला देऊन ‘मग नॉर्मलची काळजी कशाला’ असं म्हणणारे भेटतात. पण मध्यक ठराविक वजनांची बेरीज नाही. तो या स्पर्धेत उतरलेलाच नसतो.

प्रकाशाला लागलेला वेळ

अमेरिकेच्या सायमन न्यूकम याने १८८२ मध्ये प्रकाशाचा वेग मोजला. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या एका तीरावरून किरण सोडायचा, पलीकडच्या आरशावरून परत आणायचा आणि एकूण ७,४४२ मीटरला किती वेळ लागतो ते बघायचं. अशा ६६ मोजण्या आहेत. वेळ सुमारे २४,८०० नॅनोसेकंद, म्हणून फक्त त्यावरचा भाग लिहितात: २८, २६, ३३, २४, ३४, आणि मग अचानक उणे ४४. थोड्या वेळाने उणे २. बाकी ६४ आकडे १६ ते ४० मध्ये आहेत.

सगळ्यांची सरासरी २६.२. ते दोन आकडे वगळले तर २७.७५. मध्यक २७. बाकी चौसष्टांचा चुकार सुमारे ५, म्हणजे उणे ४४ हा आकडा त्यांच्या सरासरीपासून चौदा चुकार दूर आहे. नॉर्मल वक्रात तीन चुकारांपलीकडे जाणारे आकडे हजारात तीनही नसतात. न्यूकमला याचा विचार करावाच लागला. १८८६ मध्ये त्याने लिहिलं की चुका एका घंटेतून येत नाहीत असं धरावं. बारीक आणि रुंद अशा अनेक घंटा एकत्र मिसळल्या आहेत असं मानलं की लांबच्या आकड्याचं वजन आपोआप घटतं. आकडा फेकायचा की ठेवायचा, हा वादच मग उरत नाही.

तुमच्याकडे असे आकडे आले तर रेषा किंवा सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक आकड्याचा फरक काढा आणि कागदावर मांडा. शंभरात पाचच्या आसपास फरक दोन चुकारांपलीकडे असणं ठीक. तीन-चार चुकारांपलीकडे कुणी उभा असेल तर कडा जाड आहेत. फरक एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला कर्ण्यासारखे पसरत असतील तर चुकार सारखा नाही.

पण कागदावर न दिसणारीही एक चूक असते. आजच्या मोजमापाप्रमाणे न्यूकमचा आकडा ३३ च्या आसपास यायला हवा होता. सरासरी, छाटलेली सरासरी, मध्यक, तिन्ही खाली राहिले. त्याच्या ६६ मोजण्यांपैकी फक्त दहाच ३३ किंवा त्याहून वर आहेत. सगळ्या मोजण्या मिळून एकाच बाजूला सरकल्या असतील, तर वर्ग करा नाहीतर मध्यक काढा, आकड्यांच्या आतून ते कळत नाही.

पडदे आले तेव्हा दोन सेंटिमीटरनी मोठे निघाले. शिंपी स्वतःचा टेप घेऊन घरी आला आणि त्याने खिडकी मोजली: ११९. मग आमचा टेप हातात घेऊन दाखवला. त्याचं टोक कधीतरी कापलं गेलं होतं आणि पहिली खूण २ ची होती.